अनारशाचं तूप, चकलीचं तेल

अनारसा तळताना तो कढईत सोडायचा तो खसखशीची बाजू वर ठेवून आणि पुन्हा उलटायचा नाही. खालून तूप त्याला हळूहळू शिजवतं, वरून झाऱ्याने किंवा चमच्याने थोडं थोडं तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते. सगळा जीव आचेत असतो. आच जरा वाढली की गूळ करपतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं. अनारसा निघाला की तो चाळणीत उभा करून ठेवायचा, कारण त्याने पोटात बरंच तूप घेतलेलं असतं आणि ते निथळायला हवं. त्याच दिवशी, त्याच ओट्यावर, चकलीसाठी मात्र कढईत तेल ओतलं जातं आणि आच चांगली वाढवली जाते. अनेक घरांत ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कशाला तूप, कशाला तेल, याचा निकाल आजी-आईने लावून ठेवलेला असतो.

गेल्या काही वर्षांत मात्र या चर्चेत एका आकड्याने घर केलं आहे, तो म्हणजे धूरबिंदू. तुपाचा धूरबिंदू २५० अंश सेल्सिअस, म्हणून तळायला तूपच उत्तम, असं एक बाजू सांगते. रिफाइंड तेलही २३० च्या आसपास टिकतं आणि स्वस्त पडतं, असं दुसरी बाजू म्हणते. तिसरी बाजू तुपात थोडं तेल घालायला सांगते, म्हणजे तूप जळत नाही. मला वाटतं, हा आकडा खरा असला तरी स्वयंपाकघरात त्याला नको तितका मान दिला जातो. पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी पाहिलं पाहिजे.

तूप असो की तेल, त्याचा मुख्य भाग एकाच घडणीचा असतो. ग्लिसरॉल नावाच्या कण्याला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. यातली काही मेदाम्लं कण्यापासून सुटून मोकळी फिरत असतात. त्यांना मुक्त मेदाम्लं म्हणतात. कढई तापली की आधी हीच उडू लागतात आणि निळसर पातळ धूर दिसायला लागतो. आणखी तापलं की ग्लिसरॉलही मोडतं आणि त्यातून ॲक्रोलिन नावाचा वायू निघतो. डोळे चुरचुरतात आणि घशात खवखवतं ते त्याच्यामुळे. पदार्थ सोडल्यावर कढईतून जो पांढरा लोट उठतो, तो मात्र धूर नसून पाण्याची वाफ असते आणि लगेच विरतो. निळसर धूर विरत नाही, वासाला तिखट असतो आणि कढईत काहीही नसतानासुद्धा येत राहतो. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

म्हणजे धूर कधी येणार, हे बरंचसं मुक्त मेदाम्लांवर ठरतं. रिफाइंड तेलाचा आकडा मोठा का, याचंही उत्तर इथेच आहे. कारखान्यात तेलातली आम्लं अल्कलीने काढून टाकतात, रंग शोषून घेणाऱ्या मातीतून तेल गाळतात आणि शेवटी निर्वातात दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात, म्हणजे वास निघून जातो. जे हाती येतं ते जवळपास बिनवासाचं, बिनरंगाचं आणि उशिरा धूर सोडणारं तेल. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलावर यातलं काही झालेलं नसतं, म्हणून त्याला शेंगदाण्याचा वास असतो आणि ते १६० अंशांच्या आसपासच धुरायला लागू शकतं. एकाच शेंगदाण्याची ही दोन तेलं कढईत इतकी वेगळी वागतात.

तुपाचं गणित आणखी थोडं अवघड आहे. २५० हा आकडा ताज्या, स्वच्छ, नीट कढवलेल्या तुपाचा आहे. प्रत्येक डब्याला तो लागू पडत नाही. ॲगमार्कच्या सर्वांत वरच्या प्रतीच्या तुपातही १.४ टक्क्यांपर्यंत मुक्त मेदाम्लं चालतात, तर रिफाइंड तेलाला पाव टक्क्याच्या आतच राहावं लागतं. मुक्त आम्लं एका टक्क्यापर्यंत गेली की बहुतेक तेलं १६० अंशांच्या आसपासच धूर सोडायला लागतात. घरी साय पंधरा-वीस दिवस तशीच साठवली, विरजण लावायला उशीर झाला आणि ती कडवट झाली, तर तिच्या तुपात ही आम्लं वाढलेली असतात. असं तूप आमटीवर घातलं तर एखाद्याला कळणारही नाही, पण तळायला घेतलं की लगेच उघडं पडतं. दुसरा घोटाळा बेरीचा. तूप गाळताना बेरीचे बारीक कण खाली राहिले, तर ते दुधातली साखर आणि प्रथिनंच असतात. ते तपकिरी होऊन मग काळे पडतात, कढईत काळे ठिपके फिरतात आणि करपट वास येतो. तो धूर तुपाचा नसतो, बेरीचा असतो. लोण्यात हेच कण भरपूर असतात, म्हणून लोणी तळण्याच्या कामाचं नाही.

आता कढईत प्रत्यक्ष किती तापमान असतं ते पाहू. बटाटेवडा, भजी, पुरी, चकली साधारण १७० ते १८० अंशांवर तळली जातात. करंजी आणि शंकरपाळे १५० ते १६० वर. चिरोटे आणि अनारसे त्याहून खाली, १४० ते १५० वर. म्हणजे चांगलं तूप काय किंवा रिफाइंड तेल काय, दोघांच्याही धूरबिंदूपर्यंत आपण जातच नाही. गेलो, तर पदार्थ आधी जळेल. २३० आणि २५० मधला फरक तळणाऱ्याच्या काही उपयोगाचा नाही. तो फरक धरून बसण्यापेक्षा आपल्या हातातलं तूप किती जुनं आहे हे पाहणं जास्त गरजेचं.

आणखी एक गोष्ट हा आकडा लपवतो. उशिरा धूर सोडणारं तेल जास्त टिकाऊ असतंच असं नाही. धूर येण्याच्या कितीतरी आधी, साध्या तळणीच्या तापमानाला, तेल हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून बिघडत असतं. ज्या मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध जास्त, ती लवकर बिघडतात. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात अशी बहुअसंतृप्त मेदाम्लं निम्म्याहून अधिक असतात. शेंगदाणा तेलात साधारण एक तृतीयांश. तुपात शंभरात तीनच्या आसपास. त्यामुळे सूर्यफूल तेलाचा धूरबिंदू उंच असूनही तास-दीड तास सतत तळल्यावर ते दाट आणि चिकट होऊ लागतं. तूप इतक्या लवकर तसं होत नाही. पण तुपालाही त्याची किंमत आहे. त्यात कोलेस्टेरॉल असतं आणि पुन्हापुन्हा तापवलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं. शिवाय तुपातली साठ टक्क्यांहून अधिक मेदाम्लं संतृप्त असतात. म्हणून तुपातली तळणी ही सणासुदीची गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी.

मग तूप की तेल हे ठरवायचं कशावर? माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा की पदार्थ गरम खायचा की गार.

पदार्थ तळला जात असतो तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडत असतं, आणि ती वाफ तेलाला आत येऊ देत नाही. पदार्थ कढईबाहेर काढला की वाफ थंडावते, आतल्या पोकळ्या रिकाम्या होतात आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. पदार्थ तेल पितो तो मुख्यतः बाहेर आल्यावर. म्हणून झाऱ्यावर निथळण्याचे ते पहिले क्षण फार मोलाचे असतात आणि म्हणूनच अनारसा चाळणीत उभा करायचा. जे आत शिरलं ते तिथेच राहणार. ते तेल असेल तर ते आठ दिवसांनीही द्रवच असतं. डब्यातल्या कागदावर डाग पडतो, बोटाला तेल लागतं आणि हळूहळू खवट वास येऊ लागतो. ते तूप असेल तर दिवाळीच्या थंडीत ते थिजतं. अनारशाच्या जाळीत बसलेलं तूप थिजलं की अनारसा हाताला कोरडा लागतो आणि तोंडात गेल्यावर तिथल्या उबेने तूप वितळतं. गुळाचा खमंगपणा आणि तुपाचा वास एकदमच जिभेवर येतात. रिफाइंड तेलातल्या अनारशात हे होत नाही. तो फक्त गोड आणि तेलकट लागतो. या एका पदार्थाबाबत मी तडजोड मानत नाही.

बटाटेवड्याचं उलटं. तो गरम खायचा, हळद-मिरची-लसणाने भरलेला, बेसनाचं कवच झटपट कुरकुरीत व्हायला हवं. तिथे तुपाचा वास मसाल्यापुढे टिकत नाही आणि वडा गार झाला की थिजलेलं तूप टाळ्याला चिकटतं. वडा, भजी, चकली तेलातच. चकलीला मी रिफाइंडपेक्षा गाळीव शेंगदाणा तेल पसंत करते, कारण भाजणीच्या वासाला शेंगदाण्याचा वास साथ देतो. फक्त ते आधी थोडं तापवून पाहते. चकली तळण्याच्या आचेला कढईवर निळसर धूर दिसला, तर आच एक पायरी खाली आणते किंवा त्यात निम्मं रिफाइंड मिसळते.

आता मिश्रणाकडे येऊ, कारण घरोघरी खरं तर हेच चालतं. तूप तेलाच्या कितीतरी पट महाग. कढई भरायला किमान पाऊण लिटर तरी लागतं. मग निम्मं-निम्मं करायचं किंवा तेलात वाटीभर तूप सोडायचं. एके काळी याच अडचणीवर वनस्पती तूप हा उपाय म्हणून आला. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या करंज्या, चिरोटे त्यातच तळले गेले. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजेल असं केलेलं असे. रूप तुपासारखं, पण शरीराच्या उबेतही ते पूर्ण वितळत नसे, म्हणून तोंडात एक मेणचट थर राही. त्यातल्या ट्रान्स मेदाने हृदयाला होणारी हानी नंतर स्पष्ट झाली आणि जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा आली. तुपात वनस्पती मिसळून विकण्याचे प्रकार पकडता यावेत म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती केलेली होती. आम्ल आणि साखर घातली की तिळाच्या तेलाने नमुना लालभडक होतो आणि भेसळ उघड होते. आपल्या कढईत आपण तूप-तेल मिसळणं ही वेगळी गोष्ट; तेच मिश्रण तूप म्हणून विकणं हा गुन्हा आहे.

मिसळल्याने काय होतं? धूरबिंदू दोघांपैकी मोठ्या आकड्यावर जात नाही. तुपातली मुक्त आम्लं तेलात पातळ होतात, म्हणून मिश्रण दोघांच्या मधे कुठेतरी धूर सोडतं. जुनं तूप ताज्या रिफाइंडमध्ये घातलं तर तुपाचा फायदा आणि तेलाचा तोटा. बेरीचे कण मात्र कितीही तेल ओतलं तरी आपल्या तापमानालाच जळतात. तेल त्यांचं रक्षण करत नाही. म्हणून तूप जळू नये यासाठी तेल घालायचं, हे कारण टिकत नाही. खर्च वाचावा आणि पदार्थ फार घट्ट थिजू नये, ही दोन कारणं मात्र खरी आहेत. आणि पूर्वी तळलेलं तेल ताज्या तुपात मिसळू नये. त्यात आधीच मोकळी झालेली आम्लं असतात, ती ताज्या तुपालाही खाली ओढतात.

चवीचं काय? इथे चिरोट्याचं उदाहरण घेते. समजा कढईत साडेपाचशे मिलिलिटर रिफाइंड शेंगदाणा तेल आणि दोनशे ग्रॅम तूप आहे. आधी मंद आचेवर तूप वितळवायचं, मग तेल घालायचं आणि दोन्ही एकत्र तापवायचं. तापलेल्या तेलात तूप टाकू नये. त्यात पाण्याचा अंश राहिला असेल तर ते तडतडतं आणि अंगावर उडतं. पिठाचा छोटा तुकडा सोडला तर तो तळाशी जाऊन, थोडा थांबून, मंद बुडबुडे सोडत वर यायला हवा. सोडताक्षणी वर उसळला तर आच जास्त आहे; चिरोट्याचे पदर सुटायच्या आधीच बाहेरचा पदर कडक होईल. पहिला घाणा निघतो तेव्हा घरभर तुपाचा सुवास पसरतो आणि आपल्याला वाटतं, वा, छान उतरलाय वास. पण तो वास कढईतून उडून गेलेला आहे. तुपाचा सुगंध ज्या हलक्या रसायनांमुळे येतो ती दीडशे अंशांवर हवेत निघून जातात. तिसऱ्या-चौथ्या घाण्याला कढईतल्या त्या दोनशे ग्रॅम तुपाची खूण फारशी उरलेली नसते.

आता तेच दोनशे ग्रॅम तूप कढईत न घालता पिठात आणि साट्यात घातलं तर? चिरोट्याच्या मैद्यात दोन-तीन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, आणि पदरांमध्ये तूप आणि तांदळाच्या पिठी फेटून केलेला साटा. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं आतलं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. बाहेर कढईत १५० असलं तरी पदरांच्या आतलं तूप बराच वेळ त्या मानाने गारच राहतं आणि त्याचा वास तिथेच बंद होतो. शिवाय पदर सुटतात ते साट्यातल्या तुपामुळे, कढईतल्या नव्हे. सगळा चिरोटा तेलात तळूनही तुपाचा लागतो. करंजीलाही हेच लागू. पारीत तुपाचं मोहन आणि सारणातला खोबऱ्याचा कीस तुपावर भाजलेला, मग कढईत तेल असलं तरी चालतं. ज्यांना तुपाची चव हवी आहे पण कढईभर तूप परवडत नाही किंवा चालत नाही, त्यांनी तूप आत घालावं आणि बाहेर तेल ठेवावं. मिश्रणाच्या कढईपेक्षा हा मार्ग मला जास्त शहाणा वाटतो.

अनारशाला हे जमत नाही, कारण त्याच्या पिठात तूप वाढवलं तर तो हसतो. कढईत सोडल्यावर पसरून त्याचे तुकडे सुटे होतात आणि तूप पिठुळ होतं. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल झालं तरीही हेच घडतं. मग पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळायची आणि एकच अनारसा टाकून पाहायचा. पण आधी हसलेल्या अनारशाचे कण तुपातून गाळून घ्यायला हवेत. ते गुळाचे कण तळाशी जळतात, तूप काळवंडतं आणि पुढचे सगळे अनारसे कडवट होतात. छोटी, खोल, जाड बुडाची कढई घेतली तर तीनशे-चारशे ग्रॅम तुपात एका वेळी एक-दोन अनारसे सहज तळता येतात. मोठी कढई भरायचा हट्ट धरला की मगच तेल मिसळावं लागतं.

तळून उरलेलं तूप किंवा मिश्रण कोमट असताना बारीक कापडातून गाळावं आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. फोडणीला, पराठ्याला, भाजीला आठवडाभरात वापरून संपवावं. पुन्हा तळायला घेऊ नये. बिघडलं की नाही हे नजरेला दिसतं. पदार्थ नसतानाही वर फेस धरून राहतो, रंग गडद होतो, चमच्यावरून मधासारखी तार येते आणि पूर्वी ज्या आचेला धूर नव्हता त्या आचेला तो दिसू लागतो. व्यवसाय करणाऱ्यांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून नियम केला आहे की वापरलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल टाकून द्यायचं. ती मोजायची छोटी यंत्रं हॉटेलांत मिळतात. घरी ते यंत्र नसलं तरी या चारपैकी दोन खुणा दिसल्या की ते तूप-तेल कितीही महागाचं असलं तरी कढईत परत जाता कामा नये. ते मोरीतही ओतू नये, कारण थंड पडल्यावर तूप नळीत थिजतं आणि मोरी तुंबते. जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाकावं.